दीड वाजता गेट लागतं, म्हणजे नक्की काय होतं

जळगावातल्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. नीटचं, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र आमच्याकडे येतं तेव्हा आम्हा मास्तर मंडळींच्या ड्यूट्या लागतात. बहुतेकांना वर्गात वीक्षक म्हणून काम मिळतं, मला मात्र गेट मिळालं. मे महिन्यातला पहिला रविवार, जळगावचं ऊन आणि लोखंडी गेट. वर्गातल्या मास्तरला निदान पंखा असतो.

पण त्या दिवशी जे पाहिलं ते वर्गात बसून दिसलं नसतं. उशिरा आलेल्या पोराला आत घेत नाहीत, एवढं सगळ्यांना माहीत असतं. उशीर नेमका कुठं होतो, गेट लागल्यावर आत काय चाललेलं असतं आणि बाहेर राहिलेल्याच्या हातात काय उरतं, हे मात्र बारावीच्या पालकांना विचारलं तर अंदाजानंच सांगतात.

नीटच्या प्रवेशपत्रावर दोन वेळा छापलेल्या असतात. एक, केंद्रावर हजर होण्याची वेळ. ही प्रत्येकाला वेगवेगळी असू शकते, कुणाला अकरा, कुणाला साडेअकरा, कुणाला बारा. गर्दी एकदम होऊ नये म्हणून ती केलेली वाटणी आहे. साडेअकराचा मुलगा साडेबाराला आला तर त्याला कुणी परत पाठवत नाही, रांगेत उभं करतात. दुसरी वेळ गेट बंद होण्याची, दुपारी दीड. ही सगळ्यांना एकच आणि हिच्यात इकडंतिकडं होत नाही. पेपर दोनला सुरू होतो. बरेच पालक मनात दोनची वेळ धरून निघतात आणि 'अर्धा तास आधी पोचलो की झालं' असं म्हणतात. अर्धा तास आधी पोचलात तर गेट तुमच्या तोंडावर लागतं.

आमच्याकडं व्यवस्था अशी होती. रस्त्यालगतच्या मोठ्या गेटवर मी, एक शिपाई आणि दोन पोलीस. आत मंडपाखाली झडती, मेटल डिटेक्टर घेतलेली एजन्सीची माणसं. त्याच्या पुढं बायोमेट्रिकची टेबलं. मग वर्ग. दीडची वेळ लागू होते ती रस्त्यालगतच्या गेटला. म्हणजे दीडला जो गेटच्या आत आहे तो आत. झडतीच्या रांगेत तो अजून वीस जणांच्या मागं असला तरी त्याचं पुढचं सगळं रीतसर होतं. म्हणून एकला पंचवीस झाले की आम्ही रस्त्यावरची रांग भराभर आवारात ओढून घेत होतो. कागद नंतर बघू, आधी आत या. त्या शेवटच्या पाच मिनिटांत एक मुलगी रिक्षातून उतरून धावत आली. तिचा पासपोर्ट फोटो रिक्षात राहिला होता. तिला मी आधी आत घेतलं आणि तिच्या बापाला सांगितलं, रिक्षा शोधा, फोटो गेटच्या जाळीतून द्या. वस्तू नंतर जाळीतून आत आली तर चालते, माणूस येत नाही. हा फरक लक्षात राहिला तर बराच उपयोगी आहे.

आता ज्याच्यामुळं हे लिहायला घेतलं तो मुलगा. चोपडा तालुक्यातला, अडावदच्या पुढचं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. बाप केळी-कापूसवाला शेतकरी. दोघं मोटारसायकलवर धानोरा, विदगाव करत तापी ओलांडून जळगावात आले ते अकराच्या आतच. केंद्र आधी बघून घेतलं, समोरच्या लिंबाखाली डबा खाल्ला. बाराच्या सुमाराला मुलगा रांगेत लागला. म्हणजे उशिरा येणाऱ्यांतले हे नव्हतेच. उलट लवकर येणाऱ्यांतले होते.

त्याच्याजवळ प्रवेशपत्र होतं, फोटो चिकटवलेला, बापाची सही केलेली. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. सगळं बरोबर. आधार कार्ड मात्र झेरॉक्स. मूळ कार्ड घरी, लोखंडी पेटीत, हरवू नये म्हणून.

ओळखपत्राची झेरॉक्स चालत नाही. साक्षांकित केलेली असली तरी नाही आणि मोबाईलमधला फोटोही नाही. हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं, पण बारावीचा अर्ज भरताना, कॉलेजात, बँकेत, जातीच्या दाखल्याला सगळीकडं आधारची झेरॉक्सच लागते. त्यामुळं खेड्यातल्या माणसाच्या डोक्यात 'आधार द्या' म्हणजे 'झेरॉक्स द्या' हे पक्कं बसलेलं आहे. मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की फोटोसह असलेलं ई-आधार चालतं. संकेतस्थळावरून उतरवून रंगीत प्रिंट काढून आण, दीड वाजायला सव्वा तास आहे. गाव गाठून परत येण्याचा प्रश्नच नव्हता, शंभर किलोमीटरच्या वर फेरी झाली असती.

पुढचं मला नंतर बापानं सांगितलं, गेटच्या बाहेर, सावलीत बसून.

ई-आधार उतरवायला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. मुलाच्या आधारला जोडलेला नंबर होता मोठ्या भावाचा. आधार काढलं तेव्हा घरात तेवढाच एक मोबाईल. भाऊ सुरतला, साड्यांच्या मार्केटात कामाला. आपल्याकडची अर्धी पोरं तिकडंच आहेत. रविवार, सुट्टीचा दिवस, रात्री उशिरापर्यंत जागलेला, फोन उचलेना. बाप वाजवत राहिला. झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्यासारखे आणखी तिघं-चौघं होतेच. परीक्षेच्या दिवशी ही दुकानं रविवारीसुद्धा उघडी असतात, दुकानदाराला गिऱ्हाईक माहीत असतं. पावणेएकच्या पुढं कधीतरी भावानं फोन उचलला. ओटीपी पाठवला, भावानं वाचून दाखवला, दुकानदारानं टाकला, फाईल उतरली.

फाईल उघडेना. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. आधारवर जसं नाव आहे त्याची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढं जन्मवर्ष. मुलानं स्वतःचं नाव मार्कशीटवरच्या पद्धतीनं सांगितलं, म्हणजे आडनाव आधी. शाळेत तसंच असतं. आधारवर मात्र त्याचं नाव आधी होतं. तीन वेळा चुकीचा पासवर्ड. दुकानदाराला वाटलं फाईल खराब आली, त्यानं पुन्हा उतरवायला घेतली, म्हणजे पुन्हा ओटीपी, पुन्हा सुरत. दुसरी फाईलही उघडेना, तेव्हा झेरॉक्स हातात होतीच, तिच्यावरचं नाव कुणीतरी बघितलं आणि कोडं सुटलं. प्रिंट हातात पडली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. दुकान केंद्रापासून दूर नव्हतं, पण मधल्या चौकात लग्नाची वरात. मे महिन्यातला रविवार, दुसरं काय असणार.

मोटारसायकल गेटसमोर येऊन थांबली तेव्हा एक तेहतीस झाले होते. मुलगा गाडी थांबायच्या आधीच उतरला. हातात प्रिंट, अजून कोमट असेल.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं ना आणायला."

मीच सांगितलं होतं. बाप मागून आला, गेटचे गज धरले. "साहेब, पोऱ्या बारा वाजापासून आठेच उभा व्हता. आते काय करानं?"

मी आत जाऊन निरीक्षकांना विचारलं. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं बाहेरून पाठवलेला हा माणूस असतो, आमच्या कॉलेजचा नव्हे. मी सांगितलं की मुलगा बाराला आला होता, आम्हीच परत पाठवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीड वाजता तो गेटच्या आत होता का?" नव्हता. "मग मला अधिकार नाही, सर." गेटवर कॅमेरा होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, पण तो तिथं आहे हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

इथं लोकांचा समज असा की गेटवरचा माणूस दगडाच्या काळजाचा आहे आणि जरा गयावया केली, ओळख काढली, आमदाराचा फोन लावून दिला तर तो विरघळेल. त्या दिवशी फोन आलेसुद्धा, त्या मुलासाठी नाही, दुसऱ्या एकासाठी. उपयोग झाला नाही. कारण गेटवर उभ्या असलेल्या कुणाच्याच हातात तो निर्णय नसतो. शिपायाच्या नाही, माझ्या नाही, पोलिसाच्या नाही, केंद्राधीक्षकांच्याही नाही. उशिरा आलेल्याला घेण्याचा रकानाच कुठल्या फॉर्मवर नाही. बोर्डाच्या परीक्षेची सवय इथं घात करते. तिथं केंद्र ओळखीचं, सर ओळखीचे, एखादं पोर बस चुकली म्हणून धापा टाकत आलं तर केंद्रसंचालक कारण विचारून काही मार्ग काढतात. प्रवेश परीक्षेत तो माणूसच मधून काढून टाकलेला आहे आणि तो मुद्दाम काढलेला आहे.

का काढलाय ते आतल्या अर्ध्या तासावरून कळतं. दीड ते पावणेदोन वर्गात सूचना वाचतात, वीक्षक प्रत्येकाचं प्रवेशपत्र तपासतात. पावणेदोनला प्रश्नपुस्तिका वाटतात. एक पन्नासला पुस्तिकेवरची माहिती भरायला लावतात आणि दोनच्या ठोक्याला पेपर सुरू. नीट कागदावर होते, देशभर एकाच दिवशी, एकाच वेळी. दीडनंतर कागद हळूहळू उघडा पडायला लागतो. पावणेदोननंतर बाहेरून येणारा माणूस आणि आतला कागद यांची गाठ पडता कामा नये, म्हणून मध्ये पंधरा मिनिटांची मोकळी पट्टी ठेवलेली आहे. तीन मिनिटं उशिरा आलेला मुलगा काही लबाडी करणार नव्हता हे मला दिसत होतं. पण 'तीन मिनिटं चालतात' असं एका केंद्रावर झालं, तर दुसऱ्या केंद्रावरचा सात मिनिटांचा बाप काय म्हणेल, याला उत्तर नाही.

घड्याळावरूनही वाद होतात. "माझ्या घड्याळात एकोणतीस झालेत" हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. आमच्या केंद्रावर पोलीस, निरीक्षक आणि मी, तिघांनी सकाळीच घड्याळं जुळवली होती, मोबाईलच्या वेळेशी. मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं मागं असणारा माणूस गेटसमोर उभा राहून बरोबर ठरत नाही.

त्या दिवशी बाहेर राहिलेले आणखी दोघं होते. एक जण खरोखर उशिरा निघालेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दुसरा चुकीच्या केंद्रावर गेला होता. एकाच संस्थेच्या शहरात दोन-तीन शाखा, नावं जवळजवळ सारखी, मोबाईलच्या नकाशानं त्याला मुख्य इमारतीवर नेलं. तिथं रांगेत उभा राहिला, त्याचा नंबर आला तेव्हा यादीत नाव नाही. तिथल्या पोलिसानं त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर घालून आमच्याकडं आणलं, तरी दीड उलटून गेला होता. असाच दुसरा एक मुलगा मात्र एक सत्तावीसला पोचला आणि आत गेला. प्रवेशपत्रावर पत्ता पूर्ण असतो, रस्ता, खुणेची जागा, पिनकोड. लोक नाव वाचतात, पत्ता वाचत नाहीत. आदल्या दिवशी जाऊन बघितलं तरी नुसती इमारत बघून येतात, फाटकावरची पाटी आणि पत्ता जुळवत नाहीत.

उशीर बहुतेकदा असा होतो. गावाहून गेटपर्यंतचा प्रवास लोक सांभाळून करतात. गेटवरून परत पाठवल्यावरचा जो प्रवास असतो, त्याला कुणी वेळ राखून ठेवलेली नसते. मूळ ओळखपत्र, फोटो, बुटांऐवजी चप्पल, पूर्ण बाह्यांऐवजी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, यातलं काहीतरी निघतं आणि माणूस बाजारात पळतो. अकराला आलेल्याला ही धावपळ परवडते, बाराला आलेल्याला कशीबशी, साडेबाराला आलेल्याला नाही. हजर होण्याची वेळ इतकी आधी का ठेवतात, त्याचं मला पटलेलं कारण हेच.

बापानं मला विचारलं की आता अर्ज कुठं करायचा. कोर्टात जाता येईल का, असंही विचारलं. मी जे माहीत होतं ते सांगितलं. बाहेर राहिलेला मुलगा कागदोपत्री फक्त गैरहजर असतो. उशीर झाला, गेटवर आला होता, यातलं काही नोंदलं जात नाही. फी परत मिळत नाही, दुसऱ्या दिवशी बसवत नाहीत.

अपवाद झालेत, पण ते वेगळ्या जातीचे. 2019 मध्ये 5 मेच्या नीटला कर्नाटकातली हंपी एक्स्प्रेस कित्येक तास उशिरा पोचली आणि गाडीतले शेकडो विद्यार्थी बेंगळुरूच्या केंद्रांना मुकले. त्यांची परीक्षा 20 मे रोजी पुन्हा घेतली, फनी वादळामुळं लांबलेल्या ओडिशातल्या मुलांबरोबर. म्हणजे संकट सामायिक हवं, सरकारी गाडीच्या वेळापत्रकासारखा कागदी पुरावा हवा आणि वरच्या पातळीवर कुणीतरी ते उचलून धरायला हवं. एकट्याचा उशीर कितीही खरा असला तरी त्याला असं दार नाही. 2020 मध्ये बिहारमधला एक मुलगा सातशे किलोमीटर बस बदलत कोलकात्याला नीटला आला आणि दहा मिनिटांनी चुकला. बातम्या सगळीकडं छापून आल्या, पण त्या दिवशी गेट काही उघडलं नाही. 2025 मध्ये सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला सहा मिनिटं उशिरा आलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. गेट साडेआठला लागलं होतं, ती 8:36 ला पोचली होती, पेपर नऊचा. न्यायालयानं तिला दिलासा दिला नाही. वेळ पाळणाऱ्यांवर अन्याय नको, साधारण असाच सूर होता.

सगळ्या परीक्षांचा फटका मात्र सारखा नाही. जेईई मेनलाही गेट पेपरच्या अर्धा तास आधी लागतं, नऊच्या पाळीला साडेआठ आणि तीनच्या पाळीला अडीच. पण ती वर्षातून दोनदा होते, जानेवारीत चुकली तर एप्रिल असतो, वेगळी फी भरून. आपली एमएचटी-सीईटी संगणकावर होते, कित्येक दिवस पाळ्यापाळ्यांनी चालते. त्यामुळं पालकांना वाटतं की सकाळची चुकली तर दुपारच्या पाळीत बसवतील. तसं होत नाही, पाळी ठरलेली ती ठरलेली. नीटला तर वर्षात एकच दिवस.

अडीच-तीनपर्यंत ते दोघं लिंबाखालीच होते. मुलगा आधी रडला, मग गप्प झाला. मी शिपायाकडून थंड पाणी पाठवलं, मला ड्यूटी सोडता येत नव्हती. आत पेपर चालू असताना गेटवरच्या माणसाला तसं काम नसतं, त्यामुळं बाप जाळीतून बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. सुरतच्या भावाचा पुन्हा फोन आला, प्रिंट मिळाली का विचारायला. बापानं मुलाकडं बघितलं आणि "मिळाली" एवढंच सांगून ठेवला.

जाताना मी त्यांना माझा नंबर दिला. जूनमध्ये बापाचा फोन आला. मुलानं एप्रिलमध्ये पीसीबी गटाची सीईटी दिली होती, मार्क बरे होते. विचारायचं होतं ते असं, की नीटला गैरहजर लागलं तर बाकीच्या प्रवेशांना अडचण येते का. नाही येत. बी. फार्मसी आणि बीएस्सी अ‍ॅग्री सीईटीच्या मार्कांवर होतं, त्यासाठी नीट दिलेली असलीच पाहिजे असं नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस मात्र नीटशिवाय नाही. नीट किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही, गैरहजेरीचा पुढच्या वर्षावर परिणाम होत नाही. मुलाला धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाचं मन होतं, बापाला अजून डॉक्टर हवा होता. मी म्हटलं, आधी कॅपचा फॉर्म भरून ठेवा, त्याचीही शेवटची तारीख असते, आणि त्याला लागणारी मूळ कागदपत्रं आजच पेटीतून बाहेर काढा.